अपथ्रस्ट म्हणजे काय? नवा हाय फसवा निघाला हे उशिरा का होईना, कसं ओळखायचं

क्रिप्टोच्या तेजीत एक प्रश्न हमखास येतो. इथे रत्नागिरीत माझ्या ओळखीतली कॉलेजची मुलं तो असा विचारतात: "दादा, जुना हाय तोडला, आता घेऊ का?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर त्या दिवशीच्या चार्टवर नसतं. जुना हाय तुटला की दोन गोष्टी होऊ शकतात. भाव वर टिकतो आणि पुढे निघून जातो, किंवा चार दिवस वर राहून परत खाली जुन्या जागेत येतो. या दुसऱ्या प्रकाराला चार्ट वाचणारे लोक अपथ्रस्ट म्हणतात.

या लेखात आपण अपथ्रस्ट म्हणजे काय, तो कुठे होतो आणि तो झाला हे कळायला नेमका किती उशीर लागतो, एवढंच पाहणार आहोत. उदाहरण एकच घेऊ, फेब्रुवारी ते मे २०२१ मधला बिटकॉइन. तेव्हाचे आकडे आजही कुठल्याही चार्टिंग अ‍ॅपवर दिसतात, त्यामुळे वाचता वाचता तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता.

आधी डिस्ट्रिब्युशन समजून घेऊ

समजा एखाद्या बागायतदाराकडे हापूसच्या हजार पेट्या आहेत आणि वाशीच्या बाजारात भाव चढा आहे. त्याने सगळ्या पेट्या एकाच सकाळी बाजारात उतरवल्या तर भाव तिथेच पडेल आणि शेवटच्या पेट्या मातीमोल जातील. म्हणून तो रोज थोडा थोडा माल काढतो. गिऱ्हाईक जोरात असेल त्या दिवशी जास्त, नसेल त्या दिवशी हात आखडता. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? भाव चढाच आहे, कधी थोडा वर, कधी थोडा खाली. आतला साठा मात्र संपत चाललेला असतो.

मोठ्या तेजीनंतर भाव काही आठवडे किंवा महिने एका पट्ट्यात वर-खाली होत राहतो, तेव्हा आत हेच चाललेलं असू शकतं. खाली घेतलेला माल मोठे धारक वरच्या भावात नव्या लोकांना विकत असतात. या पट्ट्याला रेंज म्हणतात आणि त्यात होणाऱ्या विक्रीला डिस्ट्रिब्युशन. ही मांडणी शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेतल्या रिचर्ड वायकॉफ (१८७३–१९३४) या माणसाने शेअर बाजारासाठी ती मांडली. तो सांगायचा की बाजारातल्या सगळ्या मोठ्या खेळाडूंना मिळून एकच माणूस समजा आणि तो आत्ता काय करत असेल याचा विचार करा. असा एक माणूस खरोखर कुठे बसलेला नसतो. चार्ट वाचायला सोपं जावं म्हणून केलेली ती कल्पना आहे.

एक गोष्ट पहिल्यांदाच स्पष्ट करतो. रेंज दिसली म्हणजे डिस्ट्रिब्युशन झालंच, असं नाही. भाव दम घ्यायला थांबतो आणि पुन्हा वर जातो, तेव्हाही अशीच रेंज दिसते. फरक कळतो तो रेंजच्या कडांवर भाव कसा वागतो यावरून, आणि त्यात सगळ्यात बोलकी कड म्हणजे वरची.

अपथ्रस्ट: वरच्या रेषेपलीकडची उडी

रेंजचा वरचा हाय सगळ्यांना दिसत असतो. त्यामुळे त्या रेषेच्या थोडं वर दोन प्रकारच्या खरेदीच्या ऑर्डरी साठून राहतात. पहिल्या ऑर्डरी 'हाय तुटला की घेऊ' असं ठरवून बसलेल्यांच्या. दुसऱ्या, भाव पडेल म्हणून आधीच विकून बसलेल्यांच्या. भाव त्या रेषेवर गेला की तोटा थांबवायला त्यांना परत खरेदी करावी लागते. म्हणजे रेषा तुटली की काही वेळ खरेदीचा लोंढा येतो.

ज्याला खूप माल विकायचा आहे त्याच्यासाठी याहून चांगली वेळ नाही. समोर घेणाऱ्यांची रांग आहे, भाव सगळ्यात वर आहे आणि बातम्याही चांगल्या आहेत. तो विकतो. लोंढा ओसरला की नवं गिऱ्हाईक उरत नाही आणि भाव परत रेषेखाली, जुन्या रेंजमध्ये घसरतो. ही वर मारलेली आणि न टिकलेली उडी म्हणजे अपथ्रस्ट.

आता या व्याख्येतच एक अडचण दडलेली आहे. 'न टिकलेली' हे उडी मारली त्या क्षणी कळू शकत नाही. भाव रेषेवर असतो तेव्हा खरा ब्रेकआउट आणि अपथ्रस्ट अगदी सारखे दिसतात. म्हणून 'मी टॉपलाच ओळखलं होतं' असं कुणी सांगितलं, तर त्याने अंदाज बांधला आणि तो बरोबर आला, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

२०२१ चा चार्ट उघडा

ट्रेडिंगव्ह्यू किंवा तुमच्या अ‍ॅपमध्ये हे शोधा आणि एका दिवसाची कॅण्डल लावा:

```
BTCUSDT   1D
```

एक्स्चेंजप्रमाणे आकडे थोडे मागेपुढे असतील, काळजी करू नका. चार्ट मागे सरकवत डिसेंबर २०२० वर या. १६ डिसेंबरला बिटकॉइनने पहिल्यांदा २०,००० डॉलर ओलांडले. तिथून तेजी सुरू झाली. ८ फेब्रुवारी २०२१ ला टेस्लाने दीड अब्ज डॉलरचे बिटकॉइन घेतल्याचं जाहीर केलं आणि २१ फेब्रुवारीला भाव सुमारे ५८,३०० वर पोचला.

तिथून तो जोरात पडला. २८ फेब्रुवारीला तळ होता सुमारे ४३,००० चा. रेंजच्या पहिल्या दोन रेषा इथे मिळतात. वर ५८,३००, खाली ४३,०००. दोन्हीवर आडव्या रेषा ओढून ठेवा.

१३ मार्चला भाव वरची रेषा तोडून सुमारे ६१,८०० पर्यंत गेला. त्या दिवशीचा क्लोजही ६१ हजारांच्या वर होता. दोनच दिवसांत तो ५६ हजारांच्या खाली बंद झाला आणि २५ मार्चला ५०,४०० च्या आसपास तळ केला. ही पहिली उडी, आणि ती टिकली नाही. पण एवढ्यावरून घाबरून जायचं कारण नव्हतं. भाव ४३ हजारांपर्यंत गेला नव्हता, त्याच्या बराच वर थांबून पुन्हा उचलला होता. या उडीमुळे आपल्याला नवी वरची रेषा मिळाली, ६१,८००. ती ओढा.

आता एप्रिल. सगळ्यांचं लक्ष एकाच तारखेवर होतं. अमेरिकेतली मोठी क्रिप्टो एक्स्चेंज कॉइनबेस १४ एप्रिलला नॅस्डॅकवर लिस्ट होणार होती. १३ तारखेला बिटकॉइनने ६१,८०० ची रेषा तोडली. १४ तारखेला तो ६४,८०० च्या थोडा वर गेला आणि हा टॉप कॉइनबेसच्या शेअरचे व्यवहार न्यूयॉर्कमध्ये सुरू होण्याआधीच लागून गेला. बातमी येईपर्यंत भाव चढला आणि बातमी आली तेव्हा थांबला.

पुढचे रोजचे क्लोज बघा, साधारण आकड्यांत:

- १३ एप्रिल: ६३,६००
- १४ एप्रिल: ६३,०००
- १५ एप्रिल: ६३,२००
- १६ एप्रिल: ६१,३००
- १७ एप्रिल: ६०,०००
- १८ एप्रिल: ५६,२००

पहिले तीन दिवस रेषेवर क्लोज आहे. हा तीन दिवसांचा काळ ब्रेकआउटसारखाच दिसत होता. चौथ्या दिवशी, १६ तारखेला, क्लोज रेषेखाली आला. पहिली खूण मिळाली ती इथे. १८ एप्रिलला, रविवारी, आपल्याकडे सकाळ असताना भाव काही मिनिटांत हजारो डॉलरनी कोसळून ५२ हजारांच्या खाली जाऊन आला.

व्हॉल्यूम काय सांगत होता?

चार्टच्या खाली व्हॉल्यूमचे उभे खांब दिसतात. म्हणजे त्या दिवशी किती बिटकॉइनचा व्यवहार झाला. आता जानेवारी-फेब्रुवारीचे सगळ्यात उंच खांब आणि १३–१५ एप्रिलचे खांब शेजारी ठेवून पाहा. एप्रिलचे खांब स्पष्टपणे बुटके आहेत. भाव सगळ्यात वर, आणि उत्साह मात्र आधीपेक्षा कमी. मग १८ एप्रिलच्या लाल दिवशीचा खांब बघा. तो आधीच्या हिरव्या दिवसांपेक्षा उंच आहे.

हे दोन मिळून वाचायचं असतं. वर जाताना व्हॉल्यूम कमी आणि खाली येताना जास्त, म्हणजे वर ओढणारे हात कमी झालेत आणि विकणारे घाईत आहेत. एकट्या व्हॉल्यूमवर मात्र विसंबू नका. प्रत्येक एक्स्चेंजचा आकडा वेगळा असतो आणि काही लहान एक्स्चेंज तो फुगवूनही दाखवतात. एकच मोठी एक्स्चेंज धरा आणि तिचे जुने-नवे खांब एकमेकांशी ताडून पाहा.

उधारीचा भाग

१८ एप्रिलची पडझड इतकी जोरात का झाली? कारण अनेकांनी उधारीवर, म्हणजे लिव्हरेजवर खरेदी केली होती. दहापट लिव्हरेज घेतलं तर भाव साधारण १० टक्के पडला की तुमचे पैसे संपतात आणि एक्स्चेंज तुमचा सौदा आपोआप विकून टाकते. त्या विक्रीने भाव अजून पडतो आणि पुढच्याचा सौदा विकला जातो. याला लिक्विडेशन म्हणतात.

असा उधारीचा ढीग साठलाय का, हे फंडिंग रेटवरून कळतं. क्रिप्टोच्या परपेच्युअल फ्युचरमध्ये खरेदीवाले जास्त झाले की ते विक्रीवाल्यांना ठरावीक वेळाने पैसे देतात. बऱ्याच एक्स्चेंजवर हे दर आठ तासांनी होतं. आपल्या वेळेनुसार पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ. नेहमीचा दर ०.०१ टक्के धरतात. तो ०.१ झाला तर दिवसाला ०.३ टक्के, म्हणजे महिन्याला जवळपास ९ टक्के झाले. नुसता सौदा धरून ठेवायला कुणी महिन्याला ९ टक्के मोजायला तयार असेल, तर तो किती घाईत आहे ते तुम्हीच ठरवा. भाव जुन्या हायच्या जरासाच वर आहे आणि फंडिंग मात्र नेहमीच्या कित्येक पट आहे, हे चित्र दिसलं की सावध व्हा.

उशिरा ओळखलं तरी काय मिळतं?

आता खरा मुद्दा. बहुतेक लोकांना असं वाटतं की टॉप हुकला म्हणजे सगळं हुकलं. २०२१ चा चार्ट वेगळं सांगतो.

१८ एप्रिलनंतर भाव घसरत घसरत २५ एप्रिलला ४७,००० च्या जवळ आला. हा तळ २५ मार्चच्या ५०,४०० च्या तळापेक्षा खाली होता. रेंजमधला आधीचा तळ तुटला, ही दुसरी खूण. तिथून मात्र भाव पुन्हा वर निघाला. बाजारात आनंदीआनंद होता. ८ मे रोजी डोजकॉइन ७० सेंटच्या वर गेलं होतं आणि ज्याला त्याला डोजची माहिती होती. बिटकॉइन मेच्या ८ ते १० तारखेदरम्यान ५९,५०० पर्यंत गेला आणि थांबला.

ही तिसरी खूण, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. भाव ६४,८०० पर्यंत पोचला नाही. ६१,८०० पर्यंतही पोचला नाही. आधी टॉपच्या रेषेवर उडी मारणारा भाव आता त्या रेषेला हातही लावू शकत नव्हता. एप्रिलची उडी अपथ्रस्ट होती हे इथे बऱ्यापैकी पक्कं झालं. टॉप लागून तेव्हा साडेतीन आठवडे उलटून गेले होते. आणि तरीही भाव ५८ हजारांच्या आसपास होता, म्हणजे टॉपपासून फक्त १० टक्के खाली.

१२ मे रोजी टेस्ला बिटकॉइनमध्ये पैसे स्वीकारणं थांबवत असल्याचं इलॉन मस्कने जाहीर केलं. बातमीने धक्का दिला हे खरं, पण तोपर्यंत भाव तीन खुणा देऊन बसला होता. १७ मे रोजी भाव दिवसभरात ४३,००० च्या खाली जाऊन आला आणि १८ मे रोजी तिथेच बंद झाला. रेंजची खालची रेषा तुटली. १९ मे रोजी तो ३०,००० च्या आसपास जाऊन आला.

हेच आपल्या रुपयांत बघू. समजा कुणी १४ एप्रिलच्या आसपास भाव ६२,००० डॉलर असताना १०,००० रुपयांचं बिटकॉइन घेतलं. डॉलरचा दर आणि एक्स्चेंजची फी बाजूला ठेवू.

- तिसऱ्या खुणेवर, ५८,००० ला विकलं: हातात ९,३५५ रुपये
- १७ मे चा क्लोज होईपर्यंत थांबून ४३,५०० ला विकलं: ७,०१६ रुपये
- १९ मे च्या क्लोजला, ३६,७०० ला विकलं: ५,९१९ रुपये

टॉपला घेतलेल्या माणसालाही तीन आठवड्यांनंतर साडेसहा टक्के तोट्यात बाहेर पडता येत होतं. उशीर म्हणजे टॉपनंतरचे दिवस नव्हेत. खुणा दिसूनही न हललेले दिवस म्हणजे खरा उशीर.

ओळखायचा क्रम

चार्ट समोर असेल तेव्हा हे चार प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला: मोठ्या तेजीनंतर स्पष्ट रेंज झाली आहे का? निदान दोन वरचे आणि एक खालचा ठळक वळणबिंदू हवा. चार दिवसांच्या चुळबुळीला रेंज म्हणू नका.

दुसरा: भावाने वरची रेषा तोडून परत खाली क्लोज दिला का? कॅण्डलची वात रेषेखाली गेली एवढं पुरेसं नाही, क्लोज बघायचा. क्रिप्टो रात्रंदिवस चालतं, पण चार्टवर दिवसाची कॅण्डल आपल्याकडे पहाटे साडेपाचला बंद होते. त्यामुळे रात्री अकराला रेषेखाली दिसणारा भाव अजून निकाल नाही. सकाळी उठून बघा, रात्रीची झोपही वाचेल.

तिसरा: त्यानंतर रेंजमधला आधीचा तळ तुटला का?

चौथा: पुढची उसळी जुन्या हायच्या खालीच अडली का?

नुसत्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर नवी खरेदी थांबवायला ते पुरे. तिसरं आणि चौथंही हो असेल तर हातातलं किती ठेवायचं हा निर्णय घ्यायची वेळ आली. आणि खालची रेषा तुटेपर्यंत वाट पाहिली तर पुरावा पूर्ण मिळतो, पण किंमतही पूर्ण मोजावी लागते.

हे कुठे चुकतं?

उलट उदाहरणही पाहून ठेवा, नाहीतर प्रत्येक नवा हाय फसवा वाटायला लागेल. डिसेंबर २०१७ चा हाय २०,००० च्या किंचित खाली होता. तीन वर्षांनी, १६ डिसेंबर २०२० ला, ती रेषा तुटली. त्या दिवशीचा क्लोज २१,००० च्या वर होता, दुसऱ्या दिवशी २२ हजारांच्या वर. काही दिवसांनी भाव थोडा घसरला, पण २०,००० च्या खाली आला नाही. तिथे तो परत आला तो थेट जून २०२२ मध्ये. हा खरा ब्रेकआउट. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं की पुढचे प्रश्न विचारायचेच नाहीत.

दुसरी मर्यादा. डिस्ट्रिब्युशन म्हणजे कायमचा शेवट नव्हे. मे २०२१ च्या पडझडीनंतर भाव जून-जुलैत तीस हजारांच्या आसपास रेंगाळला आणि मग पुन्हा चढून १० नोव्हेंबरला सुमारे ६९,००० वर गेला. एप्रिलचा हाय तुटला! मेमध्ये 'आता बिटकॉइन संपला' म्हणणारे तोंडघशी पडले. पण याच क्रमाने नोव्हेंबर तपासा. ६४,८०० च्या वर गेलेला भाव १२ नोव्हेंबरला त्या रेषेखाली बंद झाला आणि १६ तारखेला ६० हजारांच्या आसपास होता. पूर्ण वर्षाचा चार्ट दूरून पाहिला तर नोव्हेंबरचा टॉप ही त्याहून मोठ्या रेंजवरची उडी दिसते. त्यानंतर वर्षभरात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, भाव १६ हजारांच्याही खाली गेला. म्हणजे ही पद्धत पुढच्या काही आठवड्यांचा धोका सांगते, नाण्याचं भविष्य नाही.

तिसरी मर्यादा फार महत्त्वाची. वर सांगितलेला सगळा प्रकार बिटकॉइनसारख्या मोठ्या नाण्यावर चालतो, कारण तिथे हजारो घेणारे-विकणारे असतात. टेलिग्रामवर कुणीतरी सांगितलेल्या छोट्या नाण्यात दोन-चार खाती मिळून भाव हलवू शकतात. तिथे रेंज आणि रेषा वाचण्यात अर्थ नाही.

भारतात राहून विकायचं तर

२०२१ मध्ये क्रिप्टोसाठी वेगळे करनियम नव्हते. आता आहेत आणि ते या पद्धतीवर थेट परिणाम करतात. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस लागतो. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एका नाण्यात ४,००० रुपये मिळवले आणि दुसऱ्यात ४,००० घालवले, तर हातात शून्य, पण कर ४,००० वर, म्हणजे सेससह १,२४८ रुपये. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो रिटर्न भरताना हिशोबात धरला जातो, पण तोपर्यंत पैसे अडकून राहतात.

म्हणून दर वेळी वात रेषेखाली गेली की विकलं, परत वर गेली की घेतलं, असं करणाऱ्याचं आपल्याकडे दुप्पट नुकसान होतं. वरच्या चार प्रश्नांचा क्रम इथे जास्तच कामाला येतो. घाईत विकायचं नाही, तिसऱ्या-चौथ्या खुणेची वाट पाहायची, आणि एकदा ठरवून विकायचं.

सरावासाठी एक करा. फेब्रुवारी ते मे २०२१ चा चार्ट उघडा, उजवा भाग हाताने झाका आणि एक एक दिवस पुढे सरकवत १६ एप्रिलवर थांबा. त्या दिवशी तुम्हाला नेमकं काय माहीत होतं ते कागदावर लिहा. मग २५ एप्रिल, मग १० मे. तीन तारखांच्या तीन नोंदी शेजारी ठेवल्या की पुरावा कसा हळूहळू जमत जातो ते दिसेल. पुढच्या तेजीत कुणी 'हाय तोडला' म्हणून फोन दाखवला, तर त्याला आधी विचारा: काल साडेपाचचा क्लोज रेषेच्या वर होता की खाली?